वाढ मूळ पगारावर, हातात मात्र वेगळीच टक्केवारी

१ ऑक्टोबर २०२५. दसऱ्याच्या आदल्या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने महागाई भत्त्यात ३ टक्के वाढ मंजूर केली. भत्ता ५५ टक्क्यांवरून ५८ टक्क्यांवर गेला आणि सुमारे ४९ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरांत दिवाळीच्या खरेदीचे बेत सुरू झाले. महिना ५० हजार हातात येत असतील, तर ३ टक्के म्हणजे दीड हजार रुपये, असा हिशेब अनेकांनी सहज मनात केला असेल. पुढच्या महिन्यांच्या पे-स्लिपने तो खोटा ठरवला. वाढ जाहीर झाल्याप्रमाणे पूर्ण मिळाली होती, एक रुपयाही कमी नव्हता. पण हातात पडणारा पगार ३ टक्क्यांनी वाढला नाही. तो वाढला जेमतेम १.६ टक्क्यांनी.

हा फरक कुठून येतो, हे एका पे-स्लिपवरच पाहू. मुंबईतल्या केंद्र सरकारी कार्यालयात नुकताच लागलेला उच्च श्रेणी लिपिक घेऊ. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात त्याचा स्तर चौथा, मूळ पगार २५,५०० रुपये. वाढीपूर्वी ५५ टक्के दराने त्याचा महागाई भत्ता १४,०२५ रुपये होता. मुंबईसाठी घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या ३० टक्के, म्हणजे ७,६५० रुपये. प्रवासासाठीचा भत्ता ३,६०० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता धरून ५,५८० रुपये. एकूण पगार झाला ५२,७५५. यातून मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या १० टक्के रक्कम राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत जाते, ती ३,९५३ रुपये. महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० रुपये. बाकीच्या किरकोळ कपाती बाजूला ठेवल्या, तर हातात येतात ४८,६०२ रुपये.

आता भत्ता ५८ टक्के करू. २५,५०० च्या ३ टक्के, म्हणजे ७६५ रुपये वाढले. प्रवासाच्या भत्त्यावरचा महागाई भत्ता १०८ रुपयांनी वाढला. घरभाडे भत्ता जिथल्या तिथे राहिला, कारण तो मूळ पगारावर ठरतो आणि मूळ पगार हललेलाच नाही. एकूण वाढ ८७३ रुपये. निवृत्तिवेतन योजनेची कपात ७६ रुपयांनी वाढली. हातातला नवा पगार ४९,३९९, म्हणजे आधीपेक्षा ७९७ रुपये जास्त. ४८,६०२ वर ७९७ म्हणजे १.६४ टक्के.

जाहीर झालेले ३ टक्के हे मूळ पगाराचे होते. ऐकणाऱ्याने ते हातातल्या पगाराला लावले. टक्केवारी नेहमी कशाची तरी असते आणि इथे ती कशाची, हेच बातमीच्या मथळ्यातून गळते. या लिपिकाचा मूळ पगार त्याच्या हातात येणाऱ्या रकमेच्या निम्म्याहून थोडा जास्त आहे. त्यामुळे त्यावरचे ३ टक्के हातातल्या रकमेत दीड टक्क्याच्या आसपास दिसतात.

पहिल्या महिन्यात मात्र चित्र उलटे दिसते. वाढ १ जुलैपासून लागू असल्यामुळे ऑक्टोबरच्या पगारासोबत जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचा फरकही जमा झाला, तर त्या एका महिन्यात आपल्या लिपिकाच्या हातात सुमारे ३,२०० रुपये जास्त येतात. वाढ साडेसहा टक्क्यांची वाटते. पुढच्या महिन्यात फरक नसतो आणि आकडा खाली येतो, तेव्हा काहीतरी कापले गेले अशी शंका येते. म्हणून वाढीचा अंदाज घेताना फरकाचा महिना मोजू नये, त्याच्या पुढचा महिना मोजावा.

सरकारी नोकरीतली वार्षिक वेतनवाढ याहून वेगळी वागते. तिचा दर ३ टक्केच आहे, पण ती थेट मूळ पगार वाढवते. त्यामुळे मूळ पगारावर ठरणारे सगळे भत्ते तिच्यासोबत वर जातात. आपल्या लिपिकाचा मूळ पगार २५,५०० वरून २६,३०० होतो. नीट पाहिले तर ही वाढ ३ नव्हे, ३.१४ टक्के आहे. वेतन तक्त्यातले आकडे शंभराच्या पटीत बसवलेले आहेत, म्हणून २६,२६५ च्या जागी २६,३०० आले. पहिल्या स्तरावरच्या कर्मचाऱ्याचे नेमके उलटे होते. त्याच्या १८,००० चे ३ टक्क्यांनी १८,५४० व्हायला हवेत, तक्त्यात मात्र १८,५०० आहेत. त्याची वाढ २.७८ टक्केच. पुढच्या पायरीवर तो १९,१०० वर जातो आणि आधीचे नुकसान भरून निघते.

महागाई भत्ता ५५ टक्केच धरून लिपिकाची ही वेतनवाढ मोजली, तर हातातला पगार १,३५६ रुपयांनी, म्हणजे २.७९ टक्क्यांनी वाढतो. मूळ पगाराच्या ३.१४ टक्क्यांच्या हा आकडा बराच जवळ आहे. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता सोबत वाढले. प्रवासाचा भत्ता तेवढा जागेवर राहिला आणि त्यानेच वाढ थोडी खाली ओढली. जुलैची वेतनवाढ आणि महागाई भत्त्याची वाढ एकत्र आली, तर ३ आणि ३ मिळून ६ टक्के वाढ मिळेल असे वाटते. प्रत्यक्षात हातात साडेचार टक्क्यांच्या आसपास वाढ दिसते.

यातून एक गोष्ट हाती लागते. पगारातले काही भाग मूळ पगाराला बांधलेले असतात आणि काही सुटे, ठरावीक रकमेचे असतात. बांधलेला भाग जितका मोठा, तितकी हातातली वाढ जाहीर टक्केवारीच्या जवळ जाते. सुटा भाग जितका मोठा, तितकी ती खाली राहते.

सगळेच बांधलेले असेल तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिले. एसटी कर्मचाऱ्यांच्या संपाच्या काळात, नोव्हेंबर महिन्यात, तत्कालीन परिवहनमंत्री अनिल परब यांनी मूळ पगारातली वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना ५,००० रुपये, त्यापुढच्या दहा वर्षांच्या गटाला ४,००० आणि वीस वर्षांहून जास्त सेवा झालेल्यांना २,५०० रुपये. ज्याचा मूळ पगार १२,०८० होता, तो १७,०८० वर गेला. एकूण पगार १७,३९५ वरून साधारण २४,५९५ झाला. मूळ पगारातली वाढ सुमारे ४१ टक्के आणि एकूण पगारातली वाढही ४१ टक्केच. या उदाहरणातले भत्ते मूळ पगाराच्या ४४ टक्के होते आणि ते पूर्णपणे त्याला बांधलेले होते. म्हणून मूळ पगारातले ५,००० रुपये पे-स्लिपवर ७,२०० होऊन उतरले.

खासगी कंपनीत हा धागा बहुधा तुटलेला असतो. समजा, पुण्यातल्या एका कंपनीत एका कर्मचाऱ्याचा महिन्याचा एकूण पगार ४०,००० रुपये आहे. त्यात बेसिक १६,०००, घरभाडे भत्ता ६,४००, प्रवासासाठी १,६०० आणि उरलेले १६,००० स्पेशल अलाउन्स या नावाखाली. पीएफ बेसिकच्या १२ टक्के म्हणजे १,९२०, व्यवसाय कर २००. हातात येतात ३७,८८०. आता कंपनी पत्र देते की बेसिकमध्ये १० टक्के वाढ करण्यात येत आहे. बेसिक १७,६०० होणार, एवढे नक्की. बाकीचे काय होणार, हे पत्रात नसते. आणि खरा फरक तिथेच पडतो.

पहिली शक्यता अशी की बेसिकशिवाय काहीच हलत नाही. एकूण पगार ४१,६०० होतो, पीएफ २,११२ होतो आणि हातात येतात ३९,२८८ रुपये. वाढ १,४०८ रुपयांची, म्हणजे ३.७ टक्के.

दुसऱ्या शक्यतेत घरभाडे भत्ता बेसिकच्या ४० टक्के असा बांधलेला आहे. तो ७,०४० होतो. हातातला पगार ३९,९२८ वर जातो आणि वाढ ५.४ टक्के ठरते. १० टक्क्यांचा आकडा इथेही हातात येत नाही, कारण स्पेशल अलाउन्सचे १६,००० रुपये जागचे हललेले नाहीत.

तिसरी शक्यता सर्वांत त्रासदायक. काही वेळा कंपनी बेसिक वाढवते आणि तेवढीच रक्कम स्पेशल अलाउन्समधून काढून घेते. बेसिक १६,००० वरून १७,६००, स्पेशल अलाउन्स १६,००० वरून १४,४००. एकूण पगार ४०,००० चा ४०,०००. पीएफ मात्र वाढलेल्या बेसिकवर कापला जातो, म्हणून हातात ३७,६८८ रुपये येतात. पत्रात १० टक्के वाढ आणि बँकेत १९२ रुपये कमी. हे पैसे बुडालेले नसतात. ते पीएफ खात्यात जातात, कंपनीलाही तितकीच भर घालावी लागते आणि ग्रॅच्युइटीचा पायाही वाढतो. पण सीटीसी तीच ठेवायची असेल, तर कंपनी तिच्या वाट्याचा पीएफसुद्धा त्याच सीटीसीतून वळता करू शकते. तसे झाले तर हातातला पगार आणखी खाली जातो. याला वाढ म्हणता येणार नाही. ही एकाच रकमेची नवी विभागणी आहे, आणि कर्मचाऱ्याला ती त्याच नावाने सांगितली गेली पाहिजे.

अशी फेरमांडणी येत्या काळात अनेकांच्या वाट्याला येऊ शकते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये वेतनाची एकच व्याख्या आहे. भत्त्यांचा वाटा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असेल, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. आपल्या पुण्याच्या उदाहरणात बेसिक ४० टक्के आहे. कंपनीने ते २०,००० केले आणि एकूण पगार तोच ठेवला, तर पूर्ण बेसिकवर पीएफ कापणाऱ्या कंपनीत कपात १,९२० वरून २,४०० होते. बेसिक २५ टक्के वाढले, हातात ४८० रुपये कमी. पीएफच्या सक्तीची वेतनमर्यादा मात्र महिना १५,००० रुपयांची आहे. कंपनी त्या मर्यादेवरच पीएफ कापत असेल, तर कपात १,८०० वर थांबलेली असते आणि बेसिक वाढल्याने ती बदलत नाही. त्यामुळे आपला पीएफ कशावर कापला जातो, हे पे-स्लिप काढून बघण्यासारखे आहे. कपात नेमकी १,८०० असेल आणि बेसिक १५,००० च्या वर असेल, तर मर्यादा लावलेली आहे.

पगार मोठा असेल तर आयकरही हिशेबात शिरतो. वाढीचे पैसे नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यात बसतात. २०२५-२६ या वर्षात नव्या करप्रणालीत वार्षिक १५ लाख पगार असलेल्या माणसाला प्रमाणित वजावट घेतल्यावर उपकरासह ९७,५०० रुपये कर बसतो. पगाराच्या मानाने हा साडेसहा टक्के झाला. पण त्याला वर्षाला १ लाखाची वाढ मिळाली, तर त्या लाखावर मात्र १५,६०० रुपये कर जातो. एकूण पगार ६.७ टक्क्यांनी वाढतो आणि कर गेल्यावर उरणारी रक्कम ६ टक्क्यांनी. वाढ पूर्णपणे कराने खाल्ली, ही तक्रार चुकीची आहे. तिचा तुकडा तेवढा जातो.

टक्केवारी आणि हातातला पगार यांच्यातली सर्वांत मोठी दरी २०१६ साली दिसली. न्यायमूर्ती अशोककुमार माथूर यांच्या अध्यक्षतेखालच्या सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशी केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जूनला मंजूर केल्या. बातम्यांत २३.५५ टक्के वाढ असा आकडा झळकला. किमान मूळ पगार ७,००० वरून १८,००० झाला, हेही सगळीकडे छापून आले. हे १५७ टक्के होतात. प्रत्यक्षात सर्वांत खालच्या पायरीवरच्या कर्मचाऱ्याच्या हातात किती वाढ आली?

त्याच्या ७,००० च्या मूळ पगारावर तेव्हा १२५ टक्के महागाई भत्ता मिळत होता, म्हणजे ८,७५० रुपये. दोन्ही मिळून १५,७५०. नव्या १८,००० मध्ये हा सगळा भत्ता विरघळवला होता आणि १ जानेवारी २०१६ ला नवा महागाई भत्ता शून्यापासून सुरू झाला. म्हणून तुलना ७,००० शी नाही, १५,७५० शी करायला हवी. खरी वाढ १४.२९ टक्के. ज्या २.५७ पटीची इतकी चर्चा झाली, त्यातली २.२५ पट ही जुना पगार आणि जुना भत्ता एकत्र मांडण्यातच संपली होती.

एवढ्यावर थांबत नाही. घरभाडे भत्ता आणि इतर भत्ते तपासण्यासाठी सरकारने समिती नेमली आणि तोवर ते जुन्या पगारावर, जुन्याच दराने देत राहिले. मुंबईतल्या त्या कर्मचाऱ्याचा घरभाडे भत्ता ७,००० च्या ३० टक्के, म्हणजे २,१०० च राहिला. निवृत्तिवेतन योजनेची कपात मात्र नव्या पगारावर सुरू झाली. मूळ पगार, महागाई भत्ता आणि घरभाडे यांच्यातून ही कपात आणि व्यवसाय कर वजा केला, तर १६,०७५ चे १८,१०० झाले. वाढ १२.६ टक्के. प्रवासाचा भत्ता जमेस धरला, तर टक्का आणखी थोडा उतरतो.

मग २३.५५ टक्के कुठून आले? तो सरकारच्या एकूण खर्चाचा आकडा होता. आयोगाच्या हिशेबानुसार पगारात १६ टक्के, भत्त्यांत ६३ टक्के आणि निवृत्तिवेतनात २४ टक्के वाढ होणार होती, २३.५५ ही या सर्वांची मिळून आलेली वाढ. कोणाही एका कर्मचाऱ्याला तेवढी मिळेल, असे त्यात कुठेही म्हटलेले नव्हते. भत्त्यांचे नवे दर १ जुलै २०१७ पासून लागू झाले, तेव्हा मुंबईत घरभाडे भत्ता किमान ५,४०० रुपये ठरला. सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याच्या हातात खरी भर त्या दिवशी पडली. पण त्याला दीड वर्ष गेले होते आणि घरभाड्याचा मागचा फरक मिळाला नाही.

हा हिशेब आता पुन्हा कामाला येणार आहे. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नोव्हेंबर २०२५ मध्ये नेमला गेला आणि त्याला अहवालासाठी १८ महिने दिले आहेत. किती पट मिळणार याचे अंदाज कार्यालयांतून आणि मोबाइलवरून फिरत आहेत. त्यातला कोणताही आकडा ऐकला की एक भागाकार करावा. महागाई भत्ता ५८ टक्के धरला, तर आजचा पगार आणि भत्ता मिळून मूळ पगाराच्या १.५८ पट होतात. म्हणजे १.५८ पट मिळाली तर वाढ शून्य. २ पट मिळाली तर २ भागिले १.५८, म्हणजे साडेसव्वीस टक्क्यांच्या आसपास. मूळ पगार दुप्पट झाला, अशी बातमी मात्र त्याही दिवशी छापली जाईल. शिफारशी ज्या तारखेपासून लागू होतील, त्या तारखेचा महागाई भत्ता जास्त असेल, तर खरी वाढ आणखी कमी निघेल.

खासगी नोकरीतल्या माणसालाही घरबसल्या अंदाज काढता येतो. आपले बेसिक हातातल्या पगाराच्या किती टक्के आहे, ते काढावे. पुण्याच्या उदाहरणात १६,००० भागिले ३७,८८० म्हणजे ४२ टक्के. जाहीर झालेले १० टक्के त्याने गुणले की ४.२ टक्के येतात. त्यातून पीएफचा १२ टक्के वाटा वजा केला की ३.७. बाकीचे भत्ते जागेवर राहिले तर हातात एवढीच वाढ येणार, हे पत्र मिळाल्याच्या दिवशीच कळते.

म्हणून वाढीचे पत्र हातात आले की मनुष्यबळ विभागाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. ही टक्केवारी बेसिकवर आहे, एकूण पगारावर आहे की सीटीसीवर? बेसिकसोबत कोणते भत्ते वाढणार आणि कोणता भत्ता कमी होणार? पीएफ पूर्ण बेसिकवर कापणार की १५,००० च्या मर्यादेवर? आणि उत्तरांसोबत नव्या पगाराचा बाबवार तक्ता मागून घ्यावा. जुन्या पे-स्लिपशेजारी तो ठेवला की खरी वाढ रुपयांत दिसते, आणि पगाराची बोलणी करायची असतील तर ती त्याच आकड्यावर करावीत.